नव्वद पैशांचा भाव

गवार निम्मी निवडून झाली होती, तेवढ्यात हे आतून म्हणाले, "हात धुऊन ये. वही वाचून दाखव, मी बेरीज करतो."

आमचे हे, मालोजी सर, चाकणजवळच्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर आम्ही कासारवाडीला आलो आणि दोन वर्षांपासून ते मोबाइलवर क्रिकेट-कबड्डीवर पैसे लावतात. दर खेपेला दोन हजारच, शिस्त म्हणून. हजेरीपटासारखी प्रत्येक पैज वहीत लिहायची. मी दत्तापुढे दिवा लावते, हे मागे बसून कबड्डीतल्या रेडचे गुण मोजतात. वाईट वाटायचं, आता तेही वाटत नाही.

आज म्हणाले, माझ्या गुडघ्यांसाठी ठेवलेली चार लाखांची ठेव मोडायची. "वहीप्रमाणे पावणेतीन लाखांवर फायदा आहे. पद्धत बरोबर आहे, भांडवल कमी पडतंय."

"मग ते पैसे कुठायत?"

"घरातच खर्च झाले असतील. गॅस, औषधं."

"गॅस पेन्शनीतनं भरतो आपण."

"तू वाच."

मी वाचू लागले. "कबड्डी, दोन हजार, हरले."

"वजा दोन हजार."

"क्रिकेट, सहा षटकांत पन्नास होणार. दोन हजार, भाव नव्वद पैसे. आले तीन हजार आठशे."

"अधिक तीन हजार आठ..." पेन थांबलं. "परत वाच."

परत वाचलं. यांनी कागदाच्या कडेला गुणाकार मांडला.

"नव्वद पैसे म्हणजे दोन हजारांवर अठराशे. उरलेले दोन हजार माझेच परत आले. मी तेही फायद्यात धरले."

"एकदाच?"

"दर वेळी."

तेवढ्यात सनीचा फोन आला. यांच्याकडून पैसे घेऊन पैजेच्या खात्यात तेवढे पॉइंट टाकणारा तोच. "सर, संध्याकाळच्या मॅचला मस्त भाव हाय. टाकू का पॉइंट?"

"सनी, तू माझ्या वर्गात होतास का रे?"

"न्हाई सर, आमी लातूरकडचे."

"बरं झालं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मग लाल पेन घेतलं. जिंकलेल्या पैजा एकशे नव्वद. प्रत्येकीतले दोन हजार काढले, तीन लाख ऐंशी हजार झाले. वहीतला फायदा होता दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजार. वजा केल्यावर तोटा एक लाख दोन हजार. ते त्यांनी दोनदा करून पाहिलं, मुलांना सांगायचे तसं, खालून वर.

मला रडू आलं नाही. यांनाही नाही. मी चहा ठेवला, त्यांनी तो निवू दिला.

"ठेव राहू दे," म्हणाले. "हा मोबाइल मात्र हातात असला की मी लावणारच. मला माहितेय."

मी पासबुक आणि आधार पिशवीत घालून दिलं. हे बँकेत निघाले आहेत, मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय बंद करायला.