बिगनीचा आपला आमदार

बिगनी देवीने जन्मभर माती खणली. गंडकी नदीच्या बांधावर, विटांच्या भट्टीवर, कधी परक्याच्या तळ्यात. ती जातीची नोनिया, आणि नोनियांनी माती खणायची हे जणू सटवाईनेच लिहून ठेवलेलं. नवरा भट्टीवर खोकून खोकून मेला, तरी बाई खचली नाही. बांधाखाली सरकारी जमिनीवर तिची झोपडी होती. त्या जागेचा कागद मरायच्या आत हातात पडावा, एवढीच तिची आस. जमीन सरकारची, पण डोळा गावच्या मोठ्या जातीच्या जमीनदाराचा, बाबूसाहेबांचा.

नोनियांना लागूनच, त्यांच्याहून खालच्या मानलेल्या मुसहरांच्या झोपड्या. बाबूसाहेबांची माणसं पहिल्यांदा हुसकवायला आली, तेव्हा दोन्हीकडच्या बायका कुदळी घेऊन आडव्या झाल्या. पुढारी होता चुल्हाई मांझी, लाल झेंड्यावाला मुसहर. "ज्याला जमीन नाही त्याची जात एकच," असं तो म्हणायचा. एरवी मुसहराच्या घरचं पाणीही नोनिया पीत नसत, पण त्या दिवसांत बिगनीने त्याच्या चुलीवरचा भात खाल्ला. माणसं मागं हटली.

मग विधानसभा आली. मोठ्या जातींची मतं कुठं जाणार ते ठरलेलंच, असं सगळे धरून चालले, तेव्हा निकाल लागणार तो लहान जातींच्या गठ्ठ्यांवर. म्हणून एका मोठ्या पक्षाने नोनियांतला बैजनाथ महतो उभा केला. बैजनाथ म्हणजे बिगनी राबायची त्याच भट्टीचा मालक. चुल्हाईही झेंडा घेऊन उभा राहिला.

बैजनाथ बिगनीच्या अंगणात आला, जमिनीवर बसला, तिच्या हातचा सातू खाल्ला.

"चाची, लेक आणि मत जातीबाहेर देत नसतात. पाच पिढ्यांत आपला एक तरी आमदार झालाय का गं?"

बिगनीच्या डोळ्यांत पाणी आलं. हसू नका. "ए नोनिया" एवढंच नाव ज्याला जन्मभर मिळालं, त्याला "आपला आमदार" हे शब्द गुळासारखे लागतात.

"आणि जागेचा कागद?" तिने विचारलं.

"निवडून आलो की पहिलं काम तेच."

बिगनीने पदर खोचला. समोरच्या पक्षाने मतं फोडायला आणखी एक नोनिया उभा केला होता. त्याची गाडी तिने वस्तीत शिरू दिली नाही. "चल नीघ, भाडोत्री!" म्हणून हाकललं.

चुल्हाई एकदाच भेटला. "बिगनी, तुझी मजुरी कापणारा तुझा, आणि मी परका?"

"तुमची मतं किती रे? मूठभर. तू पडणारच. माझं मत पाण्यात कशाला घालू?"

हिशेब चूक नव्हता. चुल्हाईने झेंडा खांद्यावर टाकला आणि पुढच्या झोपडीकडे वळला.

बैजनाथ काठावर निवडून आला. बिगनी गुलालात नाचली. शेवटच्या दोन दिवसांत बाबूसाहेबांनी आपल्या जातीची मतं त्याच्याकडे वळवली होती. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कशाच्या बदल्यात, ते कुणी विचारलं नाही.

पाऊस सरला आणि नोनियांच्या झोपड्यांना जागा खाली करण्याची नोटीस आली. बिगनी तडक बैजनाथच्या बंगल्यावर गेली. तो उठून पाया पडला, तिला खुर्चीवर बसवून चहा दिला.

"चाची, नुसत्या आपल्या मतांवर डिपॉझिट वाचलं असतं, आमदारकी नसती मिळाली. बाबूसाहेबांनी मतं काय फुकट दिली? आता सगळ्यांना घेऊन चालावं लागतं."

"मग आम्ही?"

"तुम्ही घरचीच माणसं. तुम्ही कुठं जाणार?"

तो खरं तेच बोलला. दुसऱ्या कुणाला मत देणार नाही हे ज्याचं पक्कं, त्याची मनधरणी कोण करतो? बाबूसाहेब उद्या पलटले असते. बिगनी पलटणार नव्हती, आणि हे तिनेच गावभर ओरडून सांगितलं होतं. चहा न पिताच ती उठली.

ती चुल्हाईच्या दारात उभी राहिली. "पुन्हा एकदा आडवे होऊ या."

"मी येईन," चुल्हाई म्हणाला. "पण माझी माणसं येणार नाहीत. प्रचारात तुमच्या पोरांनी आमच्या बायकांना उंदीरखाऊ म्हटलं. तू तिथंच होतीस."

ती होती. तेव्हा तिला हसूही आलं होतं. आता मान वर करायची लाज वाटली.

ठरल्या दिवशी पोलीस आले. मुसहरांतून एकटा चुल्हाई आला, आणि त्याला आधीच गाडीत घातलं. नोनियांच्या बायका कुदळी घेऊन आल्या खऱ्या, पण समोरचं माती खणायचं मशीन आपल्याच बैजनाथच्या भट्टीवरचं निघालं आणि त्यांनी कुदळी खाली टेकवल्या. मशीनवर लड्डूलाल होता, बिगनीच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. तो खाली उतरला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मावशी, मालक म्हणालेत, आपली माणसं आहेत, सामान सांभाळून काढ. एक गाडगंसुद्धा फुटता कामा नये."

खरंच, त्याने एकही गाडगं फोडलं नाही. भांडी, खाट, सातूची मडकी, सारं स्वतः उचलून बांबूच्या सावलीत नीट मांडलं. मावशीला हाताला धरून खाटेवर बसवलं, प्यायला पाणी दिलं. मग तो मशीनवर चढला आणि पहिली झोपडी तिचीच पाडली.