पाठटाचणातली पँट

माझी पत्नी रामनगरच्या एका लहानशा विनाअनुदानित मराठी शाळेत बरीच वर्षे पाचवीच्या वर्गाला शिकवते. ती शिकवते चांगले, हे मला शेजारपाजारच्या मुलांकडून कळत असे. मी स्वतः तिचा वर्ग कधी पाहिलेला नव्हता. तिच्याकडे नव्हती ती अध्यापनाची पदविका. ती मिळवली नाही तर पुढच्या वर्षी शिक्षिका म्हणून ठेवता येणार नाही, असे संस्थेच्या चालकांनी तिला एके दिवशी चहा पाजून सांगितले. म्हणून वयाच्या पंचेचाळिशीनंतर तिने दूरशिक्षणाला नाव घातले आणि रविवारी सकाळच्या बसने बेळगावच्या अभ्यासकेंद्रावर जाऊ लागली.

लेखी परीक्षा ती रेटून पास झाली. राहिला होता परीक्षेचा पाठ. त्या दिवशी बाहेरचे परीक्षक तिच्या शाळेत येणार, पाठाचे टाचण हातात घेऊन मागच्या बाकावर बसणार, आणि कागदावर लिहिले आहे ते वर्गात घडते की नाही हे पाहणार. पाठ गेला की पदविका गेली, आणि पदविकेबरोबर शाळाही. त्याआधी सरावाचे एक टाचण लिहून केंद्रावर तपासून घ्यायचे होते. छापील कागदच होता तो. उद्दिष्टे, अध्यापन पद्धती, शैक्षणिक साधने आणि मूल्यमापन असे रकाने, आणि मधे शिक्षकाने काय करायचे व विद्यार्थ्याने काय करायचे यासाठी दोन उभे भाग.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. टाचण लिहिण्यात माझे आयुष्य गेले आहे, असे मी नम्रपणे सांगत असे. ज्या नम्रपणाने माणूस समोरच्याने त्यापुढे कौतुकाचे काहीतरी बोलावे याची वाट पाहतो, त्या नम्रपणाने. तिने माझी मदत मागितली नव्हती, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून लिहीत होती आणि मी लाल पेन घेऊन तिच्या मागे उभा होतो.

तिने विषय घेतला होता बियांचा प्रसार. उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिले होते: ‘विद्यार्थी दिलेल्या बियांचे त्या कशा पसरतात यानुसार गट करतो.’

‘‘हे काय उद्दिष्ट झालं?’’ मी म्हणालो. ‘‘गट करणं ही कृती आहे. उद्दिष्टात ज्ञान पाहिजे.’’

‘‘केंद्रावरच्या बाई म्हणतात, जे डोळ्यांनी बघता येतंय तेच लिहायचं. ज्ञान झालं का न्हाई ते कसं दिसणार?’’

‘‘चेहऱ्यावर दिसतं.’’

तिने माझ्या चेहऱ्याकडे काही वेळ पाहिले आणि पुन्हा कागदाकडे वळली. पण मी ते वाक्य खोडून माझ्या वळणदार अक्षरात वर लिहिले: ‘विद्यार्थ्यांना बीजप्रसाराचे ज्ञान करून देणे.’ मग हात चालूच राहिला. पद्धतीत तिने निरीक्षण आणि गटकार्य लिहिले होते, तिथे मी व्याख्यान आणि प्रश्नोत्तरे आणली. साधनांत तिने रुईची म्हातारी, नारळ, तेरड्याची बोंडे आणि गोखरू लिहिले होते. मी त्यावर तक्ता, फळा, खडू आणि डस्टर चढवले. मूल्यमापनात तिचे वाक्य होते, ‘बिया टोपलीतून उचलून योग्य पाटीत ठेवा आणि कारण सांगा.’ त्याजागी मी लिहिले, ‘बीजप्रसार म्हणजे काय?’

‘‘आता हे सगळं नीट उतरवून काढ,’’ मी म्हणालो. ‘‘अक्षर तुझं, बाकी मी बघितलंय.’’

‘‘व्हय, बाकी तुमचंच हाय,’’ ती म्हणाली. तेव्हा मला ते कौतुक वाटले.

तिने उतरवून काढले नाही. शाळा, घर आणि माझ्या आईची औषधे यांत तिला वेळ मिळाला नाही, असे तिने सांगितले. माझ्या लाल दुरुस्त्यांसकट कागद केंद्रावर गेला आणि पुढच्या रविवारी संध्याकाळी परत आला. मी बसस्टॉपवर तिला घ्यायला गेलो होतो. गोव्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती आणि त्या धुळीत ती हसत उतरली.

‘‘तुमचा पेपर परत आलाय,’’ ती म्हणाली.

माझ्या लाल शाईवर हिरवी शाई होती. ‘ज्ञान करून देणे’ याखाली रेघ मारून लिहिले होते, ‘हे शिक्षकाचे काम झाले, विद्यार्थी काय करील ते लिहा.’ खडू, फळा, डस्टर यांना एकच गोल, त्यापुढे, ‘ही वर्गात असतातच. पाठासाठी खास काय आणले?’ मूल्यमापनापुढे होते, ‘व्याख्या पाठ आहे की नाही, एवढेच कळेल. उद्दिष्टाशी संबंध नाही.’ आणि खाली, जिथे गुण असतात तिथे गुण नव्हते. तिथे होते: ‘मूळ लिखाण चांगले होते, ते परत आणा. लाल अक्षर ओळखीचे आहे. सरांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांना विश्रांती घेऊ द्या.’

केंद्रावरच्या त्या बाई कधीकाळी माझ्या वर्गात शिकत होत्या. मी त्या मुलीला कोणत्या बाकावर बसवत असे तेही मला आठवले. तिने व्याख्या नेहमी अचूक सांगितल्या होत्या. आणि मी समाधानाने पुढच्या मुलाकडे वळलो होतो.

‘‘किती मार्क मिळाले असतील हो तुम्हाला?’’ पत्नीने विचारले.

‘‘नमस्कार मिळाला.’’

‘‘बरं हाय. काहींना तेवढंही मिळत न्हाई.’’

घरी आल्यावर मी लाल पेन कपाटात ठेवले. तिने नव्या कागदावर आपली जुनी वाक्ये परत लिहिली. मी जवळ गेलो नाही. पडवीत बसून वर्तमानपत्र वाचले, म्हणजे एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचली. माझ्या मदतीने तिची नोकरी जवळजवळ जाणार होती, आणि मला मात्र पहिल्यांदा वाईट वाटले होते ते हिरव्या शाईचे. हे लक्षात आल्यावर वर्तमानपत्र आणखी उंच धरावे लागले.

तेवढ्यात आतून हाक आली. ‘‘अहो, जरा या. विद्यार्थी पाहिजे.’’

तिने जमिनीवर तीन पाट्या मांडल्या होत्या: वारा, पाणी, प्राणी. तेरड्याची बोंडे बाजूला. ती स्वतःच फुटून बी उडवतात, म्हणून त्यांना वेगळी वाटी. मला पाटावर बसवले. पाठाला सुरुवात झाली आणि मी लगेच म्हणालो, ‘‘प्रस्तावनेत पूर्वज्ञानावर प्रश्न...’’

‘‘विद्यार्थ्यानं बोट वर करायचं.’’

मी बोट वर केले. तिने दुर्लक्ष केले. मागाहून कळले की वर्गातल्या फार बोलणाऱ्या मुलांशी ती असेच वागते.

तिने रुईचे बी माझ्या तळहातावर ठेवून फुंकर मारायला सांगितली. ते उडून आईच्या खोलीत गेले. गोखरू माझ्या बाहीला लावून ओढायला सांगितले. तेरड्याचे बोंड हातात दिले. ते फुटले तेव्हा मी, विज्ञानाचा शिक्षक, दचकलो. मग शेवटी तिने त्याच बिया टोपलीत टाकून म्हटले, ‘‘आता यांचे गट करा.’’

मी पटापट केले. रुई वाऱ्याच्या पाटीत, नारळ पाण्याच्या, गोखरू प्राण्यांच्या.

‘‘शाब्बास. कसं कळलं?’’

‘‘आत्ताच तर तू सांगितलंस,’’ मी वैतागून म्हणालो.

तिने टोपलीकडे पाहिले. मग तिने पेन्सिल उचलली आणि मूल्यमापनाच्या रकान्यात आपले वाक्य स्वतः खोडले.

‘‘बरोबर हाय तुमचं,’’ ती म्हणाली. ‘‘शिकवलेल्याच बिया परत दिल्या तर नुसतं आठवणीतनं सांगतील. न बघितलेली बी दिली पाहिजे. मग कळंल, गट करता येतात का.’’

इतक्या वर्षांच्या नोकरीत टाचणाविषयी मी केलेली ही एकमेव उपयुक्त सूचना, आणि ती सूचना आहे हे मला ठाऊक नव्हते.

न पाहिलेल्या बिया आणण्याचे काम मी मागून घेतले. शाळा सुटल्यावर, गोव्याचे ट्रक थांबतात त्या जागेपलीकडच्या माळावर गेलो. पावसाळा सरून गवत पिकले होते. झुडपांच्या शेंगा, उंबराची फळे, पंख असलेले कसलेसे चपटे बी, असे रुमालात गोळा करत मी बराच हिंडलो. घरी येईपर्यंत रुमालाची गाठ सुटली होती आणि त्यात एक उंबर तेवढे शिल्लक होते. मी काय सांगावे याचा विचार करत दारात उभा राहिलो.

पत्नी मात्र माझ्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हती. ‘‘तिथंच थांबा,’’ ती म्हणाली. ‘‘हलू नका.’’

माझ्या पँटीला गुडघ्यापर्यंत कुसळे लागली होती. मधे मधे कसल्यातरी चपट्या चिकट शेंगांचे तुकडे रांगेने बसले होते.

‘‘झटकतो बाहेर जाऊन.’’

‘‘हात लावाल तर बघा. पँट काढा.’’

‘‘इथं?’’

‘‘आत जाऊन काढा, आणि घडी करू नका.’’

परीक्षेच्या दिवशी ती पँट वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेत गेली. मी माझ्या शाळेत फळ्यावर काहीतरी लिहीत होतो. काय, ते मुलांनाही समजले नाही. संध्याकाळी ती घरी आली, पाणी प्यायली, चूळ भरली, पिशवी खुंटीला लावली. मी विचारत नव्हतो. विचारायचे नाही, असे मी दिवसभर ठरवले होते.

‘‘झाला पाठ,’’ ती म्हणाली. ‘‘शेवटी दोरीवर पँट लावली आणि विचारलं, ह्या बिया कोणत्या पाटीत? सगळा वर्ग उठून बघायला आला. एकजण म्हणाला, माझ्या बाबाच्या लुंगीला पण असंच लागतंय. म्हटलं, मग कोणता गट? तर म्हणाला, प्राणी. परीक्षक मागनं म्हणाले, का रे, पँट काय प्राणी हाय? तर पोरगं म्हणालं, पँट न्हाई सर, आतला माणूस. तो जाईल तिथं बी जातंय.’’

‘‘मग?’’

‘‘मग परीक्षक टाचणावर मान खाली घालून बसले बराच वेळ. खांदे हलत होते त्यांचे.’’

निकाल काही आठवड्यांनी आला. पाठात ती चांगल्या गुणांनी पास झाली होती. चालकांनी पुन्हा चहा पाजला आणि या वेळी त्याबरोबर बिस्किटेही दिली. टाचण शाळेतून परत मिळाले, ते मी पाहिले. शैक्षणिक साधने या रकान्यात, नारळ आणि तेरड्यानंतर, तिच्या स्वच्छ अक्षरात लिहिले होते: ‘कुसळे लागलेली पँट, एक, घरची.’ त्यापुढे परीक्षकांची बरोबरची खूण होती. खडू आणि डस्टर कुठेच नव्हते.

‘‘कुसळं काढू का आता?’’ मी विचारले. पँट अजून दोरीवरच होती.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या वर्षी पण पाचवीच हाय मला.’’