दिवा हातात असेल तरच

ऑफिसात त्याला सगळे कंसोबा म्हणत. संवाद साठवणाऱ्या जेसन फाइलमधला एक कंस मिटायचा राहिला की कॉम्प्युटरवरचा अख्खा खेळ बंद पडायचा, आणि तो कंस फक्त यालाच सापडायचा. वय त्रेचाळीस, चष्मा जाड, जीभ तिखट. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पाच जण एक कथाखेळ बनवत होते. हरवलेल्या बापाला शोधत एक मुलगी नदीवर येते, म्हाताऱ्या नावाड्याशी बोलते, आणि खेळणारा जे उत्तर निवडेल तशी गोष्ट वळते.

ही वळणं सांभाळणारं यंत्र, म्हणजे खेळामागचा प्रोग्राम, कंसोबाने दीड वर्ष खपून एकट्याने बांधलं होतं. प्रत्येक संवाद फाइलीत वेगळा लिहिलेला. त्याखाली उत्तरं, आणि कोणत्या उत्तराने पुढे कुठे जायचं ते. नावाड्याचा विश्वास किती, मुलीच्या हातात दिवा आहे की नाही, हे सगळं यंत्र लक्षात ठेवायचं. एखाद्या संवादाला अट असली, तर ती पुरी झाल्याशिवाय तो दिसायचा नाही. कुठलीच अट जुळली नाही तर खेळ अडकू नये म्हणून एक राखीव ओळ असायची. त्या राखीव ओळी कंसोबाच लिहायचा. त्या कोणी वाचत नसे.

वाचत सगळे लेखिकेचं. ती सव्वीस वर्षांची, येऊन जेमतेम सहा महिने झालेले. सगळे कंसोबा म्हणत, ती एकटी दादा म्हणायची. बापाचं काय झालं ते नावाडी सांगतो, तो कबुलीचा प्रसंग तिने लिहिला आणि साहेब चक्क डोळे पुसत केबिनमधून बाहेर आले. कंसोबाच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. खरं सांगायचं तर तरुणपणी त्यानेही कथा पाठवल्या होत्या, आणि सगळ्या साभार परत आल्या होत्या. ‘‘तुम्ही तिच्यावर जळता,’’ बायकोने एकदा जेवताना सरळ सांगितलं. ‘‘जळायला तिच्यात आहे काय?’’ तो म्हणाला, आणि पुढचा अर्धा तास तिच्याचबद्दल बोलत राहिला.

त्या दिवशी तीन वाजता प्रकाशक कंपनीच्या बाई खेळ बघायला येणार होत्या. पसंत पडला तर खेळ बाजारात, नाहीतर ऑफिसला कुलूप. सकाळी कंसोबाने आपला तपासनीस चालवला. हा प्रोग्राम सुरुवातीपासून प्रत्येक उत्तर निवडून बघायचा आणि कोणत्याच वाटेने न सापडणाऱ्या प्रसंगांची यादी द्यायचा. यादीत एकच नाव आलं. कबुली!

त्याने फाइल उघडली. कबुलीला दोन अटी होत्या: विश्वासाचे तीन गुण हवेत, आणि दिवा मुलीच्या हातात हवा. पण तिसरा गुण मिळायचा तो नावाड्याला दिवा देऊन टाकल्यावरच. दोन्ही अटी एकदम पुऱ्या होणं शक्यच नव्हतं. लेखिका मात्र दरवेळी विश्वासाचे गुण आणि दिवा आधीच हाताने भरून थेट त्या प्रसंगावर उडी मारायची, साहेबांनाही तिने तसाच दाखवला होता. सुरुवातीपासून खेळत तिथवर कोणी गेलंच नव्हतं.

दिव्याची अट काढायची, बस. एका मिनिटाचं काम. कंसोबाचा हात कीबोर्डवर गेला आणि थांबला. एकदा पडू दे हिला तोंडावर, त्याला वाटलं. लाज वाटली, पण बरंही वाटलं. तो मूग गिळून बसला.

बाई खेळायला बसल्या. मुलीने नावाड्याला खरं नाव सांगितलं, त्याच्या मुलाची चौकशी केली, शेवटी दिवा देऊन टाकला. मग विचारलं, ‘‘माझे वडील कुठे आहेत?’’ पडद्यावर राखीव ओळ आली: ‘नावाडी दिव्याकडे बघतो. वल्हं उचलत नाही.’

लेखिकेचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी मात्र ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

‘‘काही न बोलता सगळं सांगून टाकलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आपण हा खेळ बाजारात आणायचा. ही ओळ कोणाची?’’

साहेबांनी अभिमानाने लेखिकेकडे बोट केलं. कंसोबाच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मात एका ओळीचं कौतुक झालं, तेही हिच्याच पदरात!

पण लेखिका लगेच म्हणाली, ‘‘नाही, नाही. माझी नाही ती. दादांनी लिहिलीय. माझा प्रसंग का दिसला नाही तेच कळत नाहीये मला. काहीतरी चुकलंच असणार माझं. पण दादा, काय लिहिलंयत हो!’’

ती टाळ्या वाजवत होती, मनापासून. बाईंनी हात पुढे केला. तो हातात घेताना कंसोबा लेखिकेकडे बघू शकला नाही.

बाई गेल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. दोन्ही अटी दाखवल्या, आणि शेवटी, न विचारता, हेही सांगितलं, ‘‘मला सकाळीच कळलं होतं.’’

तिने खुर्ची ओढून फाइल नीट वाचली, दिव्याची अट स्वतः काढली, कंस मोजले.

‘‘आता बरोबर आहे ना, सर?’’ तिने विचारलं.

‘‘बरोबर आहे,’’ तो म्हणाला.