सुईनंतरचा अर्धा तास

माझ्या आत्याला कान्हेरीची लेणी बघायची होती. परभणीला प्राथमिक शाळेत तिनं उभा जन्म शिकवण्यात काढला, मुलांना लेण्यांचे धडे शिकवले, आणि स्वतः एकही लेणं पाहिलं नव्हतं. निवृत्त झाली, विधवा झाली, साखर निघाली आणि इन्सुलिन लागलं. मग एका हिवाळ्यात ती मीरा रोडला माझ्याकडे आली आणि पिशवी ठेवायच्या आधी म्हणाली, "कान्हेरी किती लांब हाय गं इथून?"

सिल्व्हर पार्कात आमची एका खोलीची जागा होती. नवऱ्याची कंपनीत पाळी असायची, त्यामुळे आत्याला फिरवणं माझ्याकडे होतं. मी आधी डॉक्टरांना विचारून आले. त्यांनी सांगितलेलं अवघड काहीच नव्हतं. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन, आणि ते टोचलं की अर्ध्या तासात जेवायला बसायचं. सुई टोचून झाल्यावर जेवण पुढे ढकलायचं नाही. चढायचं ते खाऊन, आणि चढण जास्त असेल तर मध्ये थोडं आणखी खाऊन. दुपारी पडायचं. पायात मोजे आणि बंद बूट, रात्री तळपाय बघायचे. घाम फुटला, हात कापले, माणूस उगाच चिडायला लागला, तर ताबडतोब साखरपाणी आणि मग जेवण.

त्यावरून मी दिवस आखले. एका दिवशी एकच ठिकाण. चैत्यभूमीला गेलो, दुपारी घरी येऊन झोपलो. उत्तनचा समुद्र पाहिला तो दुसऱ्या दिवशी, तोही उन्हं उतरल्यावर आणि संध्याकाळच्या सुईच्या आत परत येऊन. सगळं छान चाललं होतं. आत्या रोज विचारायची, कान्हेरी कधी? मी म्हणायची, पाय सरावू दे.

मग माझे मोठे दीर मध्ये पडले. ते बेव्हर्ली पार्कात राहायचे, समाजाच्या मंडळात होते, आणि त्यांना कुठलंही काम चार माणसांना दाखवल्याशिवाय झाल्यासारखं वाटायचं नाही. माझं वेळापत्रक ऐकून ते पोट धरून हसले. म्हणाले, पेशंट फिरवतेस का पाहुणी? रविवारी त्यांच्या दारातून त्यांची जीप निघणार, कान्हेरी तेच दाखवणार, आणि सकाळचा नाश्ता त्यांच्याकडे. घरून खाऊन यायचं नाही, खाल्लं तर त्यांना राग येईल. मी इंजेक्शनचं समजावून सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "टेन्शन कशाला घेतेस? तुम्ही दारात आलात की पानं वाढलेली असतील."

हे वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं आणि अजून माझं डोकं फिरतं.

रविवारी मी घरी सुई दिली आणि लगेच रिक्षा केली. दहा मिनिटांत आम्ही त्यांच्या दारात होतो. पानं वाढलेली नव्हती. हॉलमध्ये सतरंजी टाकली होती, हार आणला होता, आणि मंडळाचे अध्यक्ष यायचे होते. निवृत्त शिक्षिकेचा सत्कार म्हणे. आधी साहेब येणार, मग हार, मग भाषण, मग पुरुषांची पंगत, मग बायका. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्या घरात कुणाला वाटतच नव्हतं. जन्मापासून असंच चालत आलेलं.

जाऊबाईंनी मला पुऱ्या लाटायला-तळायला बसवलं. मी म्हटलं, ताई, आत्याला एक पान आत्ताच द्या, तिची सुई झालीय. त्या म्हणाल्या, "साहेबांच्या आधी पातेल्यात डाव घालू का मी?" थोड्या वेळानं पुन्हा मागितलं. त्या म्हणाल्या, सत्कार तिचाच आहे ना, तिलाच आधी कसं बसवायचं, बरं दिसतं का?

मी हात पुसून बाहेर गेले आणि पर्समधला बिस्किटांचा पुडा आत्याच्या हातात दिला. तिनं तो पदराखाली लपवला. दुसऱ्याच्या घरी जाऊन आपलं खाणं काढायचं म्हणजे घरच्या बाईचा अपमान, हे तिच्याही हाडीमाशी खिळलेलं. डोळ्यांनीच मला दटावून तिनं आत पाठवलं.

साहेब आले तेव्हा माझा घाणा तळून होत आला होता. हार घालायला दिरांनी आत्याला उभं केलं. तिनं हार ढकलला आणि ओरडली की हे काय थोतांड मांडलंय. आयुष्यात ती कुणाला एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती. मी धावले. तिचं कपाळ घामानं थबथबलेलं, बोटं थरथरत होती. दीर साहेबांना सांगत होते, वयानं चिडचिड होते हो.

मी स्वयंपाकघरात येऊन पेल्यात साखर ओतली, पाणी घातलं. जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, डायबेटीसवाल्या बाईला साखर पाजतेस, मारायचंय का तिला? तासाभरात एक पुरी न देणारी ही बाई आता मला पथ्य शिकवत होती. मी हात हिसडला, पेला अर्धा सांडला. उरलेला आत्याच्या तोंडाला लावला, वर आणखी एक करून पाजला. ती गिळत होती, एवढंच नशीब. थोड्या वेळानं तिची नजर जागेवर आली. मग मी स्वतः पातेल्यात डाव घातला, पुरी-भाजी घेतली आणि साहेबांच्या देखत तिला भरवली. कुणी अडवलं असतं तर मी त्या दिवशी नातं राखलं नसतं.

कान्हेरी राहिली. आत्याला घरी आणून निजवलं, डॉक्टरांना कळवलं. संध्याकाळी कळलं की दिरांनी परभणीला तिच्या मुलाला फोन केला होता. तुमची आई चक्कर येऊन पडली, तिला फिरणं झेपत नाही, माझ्या बायकोनं वेळेवर सांभाळलं. मुलानं घाबरून मंगळवारच्या रात्रीच्या गाडीनं परत यायला सांगितलं. मी एसटीडी बूथवर जाऊन त्याच्याशी भांडून खरं सांगितलं. तो म्हणाला, असेल ताई, पण आता फिरवू नका. मी बूथमध्येच रडले, रागानं.

सोमवारी आत्यानं विश्रांती घेतली. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, जेवण वेळेवर ठेवा आणि खुशाल जा. मंगळवारी मी तिला घेऊन निघाले, कुणाला न विचारता. ताट समोर मांडलं, तेव्हाच सुई दिली. ती पोटभर जेवली. बोरिवलीच्या उद्यानात आतल्या बसनं वरपर्यंत गेलो. मोठ्या चैत्यात तिनं बूट काढले, मोजे पायातच ठेवले, वंदना म्हटली. आवाज शाळेतला, खणखणीत. वरच्या पायऱ्या चढायच्या आधी मी तिला सावलीत बसवलं आणि डबा उघडला. भाकरी, मेथीची भाजी.

तिनं सवयीनं पहिली भाकरी माझ्या पुढे केली. मी ती परत तिच्या हातात दिली. तिनं इकडे तिकडे पाहिलं, कुणी आपलं माणूस बघत नाही ना, याची खात्री केली आणि घास घेतला. बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "लेकरा, सगळ्यांच्या आधी जेवायची ही पहिलीच येळ हाय माझी."

ती तेव्हा बासष्ट वर्षांची होती.