साडेदहाचा रकाना

सरकारी दवाखान्यात पथ्याचं टेबल जिन्याखाली होतं. त्यावर बसणाऱ्या आहारतज्ज्ञ बाईंना सगळे वाटीबाई म्हणत, कारण त्यांच्या खणात एक स्टीलची वाटी कायम असे. समोर साखर वाढलेली गरोदर बाई आली की त्या वाटी टेबलावर ठक्कन ठेवत. "ही अर्धी भरून भात म्हणजे एक भाग. एक छोटी पोळी, एक भाग. एक लहान सफरचंद, एक भाग. वाटीभर घट्ट डाळ, एक भाग. दिवसाचे बारा. भाजी पोटभर; तिला आणि अंड्याला हिशेब नाही."

बावीस वर्षं हे चाललं होतं. वेळा त्यांनी स्वतः छापून घेतलेल्या वहीत होत्या: आठ, साडेदहा, एक, साडेचार, आठ, दहा. प्रत्येक वेळेखाली एक रिकामा रकाना. बाईने त्यात काय खाल्लं ते लिहायचं. वही कशी, तर आरशासारखी, असं त्या अभिमानाने सांगत.

त्या शुक्रवारी शिवणकारखान्यातली एक बाई आली. सातवा महिना, सोबत त्याच कारखान्यात काम करणारी नणंद. वही एकदम चोख. सकाळी उपाशीपोटी साखर अठ्ठ्याऐंशी, रात्रीच्या जेवणानंतर एकशे बारा. फक्त दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी एकशे साठ, एकशे अडुसष्ट, एकशे पासष्ट. ती एकशेवीसच्या आत हवी. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं होतं: हेच राहिलं तर दुपारचं इन्सुलिन सुरू.

"दुपारी काय खातेस?"

"लिहिलंय तेच, ताई. एक पोळी, अर्धी वाटी भात, वाटीभर डाळ, अंडं, भाजी."

"तीन भागांत एवढी साखर चढत नाही. मशीन खोटं बोलत नाही, बाई. माणूस बोलतं."

बाकावरच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "गोड काहीतरी चोरून खात असेल." ती बाई मान खाली घालून पदराचं टोक पिळत राहिली.

नणंद मात्र उसळली. "माझी वहिनी उपाशी राहील, चोरून खाणार नाही. अहो, आम्हाला सुट्टीची घंटा एकदाच होते, एक वाजता. साडेदहाला सफरचंद खायला कोण सोडतंय? कपड्याजवळ खाणं न्यायचं नाही."

"मग साडेदहाच्या रकान्यात सफरचंद लिहिलंय ते?"

"रकाना होता म्हणून लिहिलं," ती बाई हळूच म्हणाली. "एक वाजता खाते, जेवणाबरोबर. साडेचारच्या दोन पोळ्याही तेव्हाच. तुम्हीच म्हणालात ना, डब्यातलं काही सोडायचं नाही, बाळाला कमी पडेल."

तीन आणि एक चार, आणि दोन सहा. एका बैठकीत दुप्पट.

"आणि तीन वाजता साखर मोजतेस कुठे?"

"संडासात. दोन मिनिटं लागतात. तिथं खाऊ कसं, ताई?"

वाटीबाईंचे कान तापले. चोरून खाणारी रात्रीही खाते, मग रात्रीची साखरही चढली असती, हे साधं गणित त्यांना सुचायला हवं होतं. बावीस वर्षांत कुणालाच त्यांनी विचारलं नव्हतं, की बाई गं, तुला सुट्टी किती वाजता? वाटी दाखवली, घड्याळ आपलंच दाखवलं.

त्यांनी दोघींना शेजारच्या खोलीत नेलं, दार लोटलं. "चूक माझी आहे," असं म्हटलं, पण पुटपुटल्यासारखं.

मग डॉक्टरांकडे गेल्या. "साहेब, एक आठवडा द्या. खाण्याच्या वेळा मी चुकीच्या दिल्यात." डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही?" कारखान्यासाठी चिठ्ठी मात्र त्यांनी लिहून दिली: साडेदहाला आणि साडेचारला दहा मिनिटं, वैद्यकीय कारणासाठी.

पुढच्या शुक्रवारी नणंदच आधी बोलली. "सुपरवायझर तोंड वाकडं करतो, पण सोडतो. वहिनी जिन्यात बसून खाते, राणीसारखी."

दुपारचे आकडे एकशे चौदा, एकशे सतरा, एकशे दहा. डॉक्टरांनी इन्सुलिनची ओळ खोडली, "पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू" म्हणाले.

वाटीबाई उभ्या राहिल्या. आठवडाभर घोकलेलं वाक्य त्यांना बाकाकडे तोंड करून मोठ्याने म्हणायचं होतं. घसा खाकरला आणि बाकाकडे पाहिलं. सगळे चेहरे नवे. त्या दिवशी हसलेल्यांपैकी एकही नव्हती. त्या आपापल्या घरी गेल्या होत्या, आणि त्यांच्या लेखी ती शिवणारी बाई अजून चोरटीच होती.

तरी वाटीबाई बोलल्या. "गेल्या शुक्रवारी मी हिला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं. ही खरं बोलत होती." नव्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या, कुणाला काही कळलं नाही.

"ताई, राहू द्या आता," ती बाई संकोचून म्हणाली.

वाटीबाई खाली बसल्या. खणातून वाटीऐवजी पेन काढलं आणि कोऱ्या वह्यांवर छापलेल्या वेळा एकेक करून खोडायला लागल्या.