जागा भरली असं समजते

मेल लिहायला बसले तेव्हा मी चिडलेली होते, आणि मेल मात्र गोड लिहायचा होता.

माझा जुना कारखाना पुण्याला हलला. पुंडलिकनगरातलं घर आणि आईला सोडून मी जाणार नव्हते, म्हणून घरी बसले होते. वाळूजच्या एका मोठ्या कारखान्यात क्वालिटी विभागाची जागा निघाली. शेवटच्या फेरीत प्लांट हेडनं मला सगळा प्लांट फिरवून दाखवला, मी कुठल्या टेबलावर बसणार तेही दाखवलं. एचआरमधल्या बाईंनी पगाराच्या स्लिपा मागून घेतल्या, गेटपर्यंत सोडायला आल्या. "दोन दिवसांत कळवते. दुसरीकडे कुठं हो म्हणू नका हं," म्हणाल्या. मी येताना पेढे आणले.

पेढे संपले, डबा घासून फडताळात गेला, बाई गप्प. मेसेज केला की वाचल्याच्या निळ्या खुणा येत, उत्तर नाही. फोन केला की मीटिंग. मला नकाराचं दुःख नव्हतं, गप्प बसण्याचा संताप होता. आमच्या कामात नापास झालेल्या सुट्या भागालासुद्धा लाल चिठ्ठी लावतात आणि तिच्यावर कारण लिहितात. माझ्या नशिबी तेवढंही नव्हतं.

तोवर चिकलठाण्यातल्या एका लहान वर्कशॉपनं मला पसंत केलं होतं. पगार कमी. मालक खुलताबादचे, वयस्कर. त्यांच्याकडे ऑडिट येणार होतं, त्याआधी माणूस हवा होता. "बेटी, शुक्रवारतक हां या ना बोल दो," ते म्हणाले होते. "ना बोले तो भी चाय पीके जाव."

शुक्रवार उजाडला आणि मी लॅपटॉप उघडला.

"काय लिहायलीस?" आईनं विचारलं. वाळूजवाल्यांना मी आता थांबत नाही असं कळवतेय म्हटलं, तशी ती कपाळाला हात लावून बसली. "अगं, आपण होऊन कशाला दार लावायलीस? त्यांच्या मनात असंल तर? मुलीकडच्यांनी असं विचारू नाय, तोडू बी नाय. गप बसावं."

आईच्या हिशेबात ती कंपनी म्हणजे मुलाकडची मंडळी. तिचंही बरोबरच होतं म्हणा. पूर्वी मला बघायला लासूर स्टेशनहून एक कुटुंब आलं होतं. पोटभर जेवले, "कळवतो" म्हणाले. बाबांनी हातातली दोन चांगली स्थळं थांबवून ठेवली आणि फोनपाशी बसून राहिले. पुढे तिऱ्हाइताकडून कळलं, मुलाचं लग्न कधीच झालं. बाबांनी कुणाला एक शब्द विचारला नाही. विचारणं कमीपणाचं, म्हणे! तो कमीपणा मी अजून विसरलेले नाही.

"आई, बाबांनी जे लिहायला पाहिजे होतं, तेच मी लिहितेय."

तिनं कपाळावरचा हात काढला. मग खुर्ची ओढून शेजारी बसली. "मग नीट लिही. शिव्या घालू नको. चहापाण्याचं बी लिही, त्यांनी विचारलं व्हतं ना?"

मेल इंग्रजीत होता, पण मजकूर असा: 'नमस्कार. शेवटच्या फेरीनंतर काही कळलं नाही, म्हणून जागा भरली असं मी समजते. ज्यांची निवड झाली त्यांना मनापासून शुभेच्छा. तुम्ही आपुलकीनं प्लांट दाखवलात, कॅन्टीनचा चहाही छान होता. मी आता दुसरीकडे होकार देत आहे. पुढे कधी योग आला तर भेटू. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.' एकही शब्द खोटा नव्हता. पाठवला, आणि तडक चिकलठाण्याला जाऊन हो म्हणून आले. चहा तिथंही चांगला होता.

संध्याकाळी फोन वाजला. इतके दिवस मीटिंगमध्ये असलेल्या बाई!

"मॅडम, जागा भरली असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मी स्पीकर लावला. आई भाजी निवडायची थांबली. बाईंनी सगळं सांगून टाकलं. आधी दुसऱ्याची निवड झाली होती. तो येणार हे पक्कं होईपर्यंत मला नाही म्हणायचं नाही, असा वरून हुकूम. आता त्यानं राजीनामा दिल्यावर त्याच्याच कंपनीनं पगार वाढवून त्याला थांबवून घेतलं होतं. "तुमचं ऑफर लेटर सोमवारी काढते. तुम्ही अजून जॉइन थोडंच झालाय?"

त्यांनी पगाराचा आकडाही सांगितला. मोह झाला, खोटं कशाला बोलू. आईकडं बघितलं. तिनं मान हलवली, हो अशी नाही आणि नाही अशीही नाही. माझ्यावर सोडलं तिनं.

"बाई, माझ्याकडची जागा भरली," मी म्हणाले. "सकाळीच कळवलं होतं तुम्हाला."

त्या गडबडल्या. "अहो, पण मग मी साहेबांना काय सांगू?"

"नाही म्हणाली, असं सांगा," मी म्हणाले. "तेवढंच सांगायचं असतं."