खाल्लेला एच

अकरावीला अमरावतीत फिजिक्सची असाइनमेंट होती: जमिनीपासून सहाशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाचा वेग आणि एका फेरीचा वेळ काढा. मी मोर्शीची, संत्र्याच्या बागायतदारांची पोर. बाकावरच्या शेजारणीबरोबर सोडवलं. उत्तर आलं, सेकंदाला ७.९१ किलोमीटर आणि पंच्याऐंशी मिनिटं.

पुण्याहून आलेल्या सरांनी वही पाहून विचारलं, "उंची कुठे गेली?"

मी उठून म्हणाले, "सर, आमी नुसती पृथ्वीची त्रिज्या घेतली."

"तुम्ही लोक बोलताना ह खाता, आता गणितातला उंचीचा एचही खाल्ला!"

वर्ग खिदळला. माझे कान तापले. चूक आमचीच होती, म्हणून राग जास्त आला. तरातरा फळ्यापाशी गेले. अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून धरायचं, म्हणून सहा हजार चारशेत सहाशे मिळवले. सात हजार किलोमीटर. सूत्रातलं जीएम भागिले आर, म्हणजे हे अंतर, त्याचं वर्गमूळ काढलं, वेग आला ७.५६. परिघाला वेगानं भागलं, सत्त्याण्णव मिनिटं. वर गेलेला उपग्रह हळू चालतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं.

"बरोबर," सर म्हणाले.

"पण मी 'आमी'च म्हणीन, सर."

सर हसले. "म्हण. उंची तेवढी सोडू नकोस."

आता मी अकोल्याला तेच शिकवते. परवा दोघी मुली वही घेऊन धावत आल्या. "मॅडम, आमाले जमलं!"

बोलण्यातला ह नव्हताच. वहीतला एच मात्र जागेवर होता.